हा आठवडा कसा गेला? एक्सपोर्ट फाइलमधून याचं खरं उत्तर काढताना

छोट्या ब्रँडच्या मालकाला सोमवारी सकाळी एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: सोशल मीडियावर गेला आठवडा कसा गेला? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. एक म्हणजे, या सात दिवसांत लोकांनी आपल्या मजकुराला एकूण किती प्रतिसाद दिला? यात महिन्याभरापूर्वीच्या रीलला परवा पडलेले लाइकसुद्धा धरायला हवेत. दुसरा म्हणजे, या सात दिवसांत आपण जे टाकलं ते कसं चाललं? यात जुन्या पोस्टचा काही संबंध नाही. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं वेगळी आहेत आणि कधीकधी ती एकमेकांच्या उलटही असतात.

साप्ताहिक अहवाल बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. बेरीज बरोबर असते, आलेख छान असतो, पण आकडा एका प्रश्नाचा असतो आणि खाली लिहिलेलं वाक्य दुसऱ्या प्रश्नाचं. मालक त्या वाक्यावरून ठरवतो की रील बंद करायच्या की वाढवायच्या. म्हणून या लेखात मी बाकीचं बरंच बाजूला ठेवून याच एका गोष्टीवर वेळ घालवणार आहे: प्लॅटफॉर्मवरून उतरवलेल्या फाइलमधला आकडा नेमका कोणत्या काळाचा असतो, आणि त्यातून आठवड्याचा आकडा कसा वेगळा काढायचा.

फाइलमध्ये असतं काय

उदाहरण इंस्टाग्रामचं घेऊ. मेटा बिझनेस सूटच्या इनसाइट्समधून मजकुराची यादी एक्सपोर्ट केली की एक सीएसव्ही फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक पोस्टला एक ओळ असते. `Publish time`, `Permalink`, `Post type`, `Reach`, `Likes`, `Comments`, `Shares`, `Saves` असे कॉलम असतात. त्यांच्यातच `Date` नावाचा एक कॉलम असतो आणि त्यात तारखेच्या जागी प्रत्येक ओळीत एकच शब्द असतो: `Lifetime`.

बहुतेक जण हा कॉलम निरुपयोगी समजून उडवून टाकतात. खरं तर सगळ्या फाइलमध्ये सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. तिचा अर्थ असा की या ओळीतले लाइक, कमेंट, सेव्ह हे सगळे पोस्ट टाकल्या दिवसापासून फाइल उतरवली त्या क्षणापर्यंतचे आहेत. एक्सपोर्ट करताना तुम्ही 9 ते 15 जून असा काळ निवडलात, तर त्या निवडीने फक्त एवढंच ठरतं की कोणत्या पोस्ट यादीत येतील. त्या पोस्टचे आकडे 15 जूनला थांबत नाहीत. तीच फाइल तोच काळ निवडून पंधरा दिवसांनी पुन्हा उतरवा, आकडे वाढलेले दिसतील.

यातून एक फसवा आलेख तयार होतो. समजा, तुम्ही आज गेल्या दोन महिन्यांची एकच फाइल उतरवली, पोस्ट आठवड्यांप्रमाणे गटात घातल्या आणि प्रत्येक आठवड्याची बेरीज मांडली. सर्वांत जुन्या आठवड्यातल्या पोस्टना दोन महिने प्रतिसाद गोळा करायला मिळालेला असतो, तर शेवटच्या रविवारी टाकलेल्या पोस्टला जेमतेम एक दिवस. साहजिकच आलेख उजवीकडे खाली झुकतो. कधीही काढा, तो झुकलेलाच निघणार. शेवटचे एक-दोन आठवडे सतत घसरलेले दिसत असतील आणि दर सोमवारी हेच होत असेल, तर घसरण खात्यात नसून मोजणीत आहे असं समजा. मालकाला हे कुणी सांगितलं नाही, तर तो विनाकारण घाबरतो आणि नीट चाललेली गोष्ट बदलायला जातो.

एका आठवड्याचा हिशोब

आता प्रत्यक्ष आकड्यांवर करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. वह्या आणि डायऱ्या बनवणारा एक छोटा ब्रँड आहे. आठवडा सोमवार 9 जून 2025 ते रविवार 15 जून, आणि फाइल उतरवली सोमवारी 16 जूनला सकाळी.

आठवड्यात पाच पोस्ट गेल्या. सोमवारच्या रीलची रीच 2400 आणि प्रतिसाद 132. बुधवारच्या कॅरोसेलची रीच 900, प्रतिसाद 81. गुरुवारचा एकटा फोटो, रीच 700, प्रतिसाद 21. शनिवारची रील, रीच 1100, प्रतिसाद 44. रविवारी संध्याकाळचं कॅरोसेल, रीच 300, प्रतिसाद 24. प्रतिसाद म्हणजे इथे लाइक, कमेंट, सेव्ह आणि शेअर यांची बेरीज. पाचही पोस्टची बेरीज होते 302.

आता मागच्या आठवड्याशी तुलना करायची आहे. सोपा मार्ग म्हणजे याच फाइलमध्ये 2 ते 8 जूनच्या पोस्ट बघणं. त्या चार आहेत आणि त्यांची बेरीज दिसते 260. म्हणजे 260 वरून 302, साधारण 16 टक्के वाढ. अहवालात हेच लिहून मोकळं व्हावंसं वाटतं.

पण हे 260 आजचे आहेत. त्या चार पोस्टना या आठवड्याच्या पोस्टपेक्षा सात दिवस जास्त मिळाले आहेत. ब्रँडने मागच्या सोमवारी, 9 जूनला, फाइल उतरवून ठेवली होती. ती उघडली तर त्याच चार पोस्टची तेव्हाची बेरीज 190 होती. सारख्या वयाच्या पोस्टची तुलना केली, तर ती 190 आणि 302 यांच्यात होते आणि वाढ निघते जवळपास 59 टक्के. दोन्ही टक्के एकाच आठवड्याचे, एकाच खात्याचे. फरक फक्त जुनी फाइल जपली होती की नाही, एवढाच.

इथेही घाईने आनंद नको, कारण मागच्या आठवड्यात चार पोस्ट होत्या आणि या आठवड्यात पाच. दर पोस्टमागे पाहिलं तर आधी 47.5 आणि आता 60.4, म्हणजे 27 टक्के वाढ. पोस्ट कशा चालल्या या प्रश्नाचं उत्तर हा तिसरा आकडा देतो. बाकीची वाढ ही एक पोस्ट जास्त टाकल्याची आहे.

आता पहिला प्रश्न राहिला: आठवडाभरात एकूण प्रतिसाद किती आला? नव्या पोस्टचे 302 तर आहेतच. 2 ते 8 जूनच्या पोस्ट 190 वरून 260 वर गेल्या, म्हणजे त्यांना या आठवड्यात 70 प्रतिसाद मिळाले. त्याहूनही जुन्या पोस्टना मिळून 18 आले. बेरीज 390. त्याआधीच्या आठवड्याचा असाच हिशोब 285 होता: तेव्हाच्या नव्या पोस्टचे 190 आणि जुन्यांचे 95. हे 390 आणि 285 हेच आठवड्याच्या हालचालीचे खरे आकडे, आणि ते कोणत्याही एका फाइलमध्ये लिहिलेले नसतात. दोन फाइलींची वजाबाकी केल्याशिवाय ते दिसत नाहीत.

दर सोमवारची फाइल जपून ठेवणं

म्हणून खरं काम एवढंच आहे: दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, साधारण ठरलेल्या वेळी फाइल उतरवायची, तिला `2025-06-16_instagram.csv` असं तारखेचं नाव द्यायचं आणि मूळ फाइलला कधी हात लावायचा नाही. जे काही करायचं ते तिची नक्कल करून. वेळ ठरलेली असण्याला महत्त्व आहे. एका आठवड्यात सोमवारी सकाळी आणि पुढच्या आठवड्यात मंगळवारी रात्री फाइल उतरवलीत, तर तुमचा आठवडा साडेआठ दिवसांचा झाला.

शीटमध्ये दोन पानं ठेवा. चालू पानावर पहिल्या कॉलममध्ये पोस्टची लिंक, मग तारीख, प्रकार, रीच, आणि पाचव्या कॉलममध्ये एकूण प्रतिसाद. मागच्या सोमवारच्या फाइलचं तसंच पान `Prev` नावाने. मग सहाव्या कॉलममध्ये हे सूत्र:

```
=E2-IFERROR(VLOOKUP(A2,Prev!A:E,5,FALSE),0)
```

सूत्र काय करतं ते सरळ आहे. पोस्टची लिंक मागच्या पानावर शोधतं, तिथला प्रतिसाद आजच्यातून वजा करतं, आणि पोस्ट तिथे नसेल तर ती नवी मानून सगळा प्रतिसाद या आठवड्याचा धरतं. या कॉलमची बेरीज म्हणजे आपले 390.

यातल्या शेवटच्या भागात एक धोका दडलेला आहे, आणि तो चूक झाल्याचा निरोप न देता गुपचूप बेरीज फुगवतो. मागच्या सोमवारी तुम्ही गेल्या 28 दिवसांची फाइल उतरवलीत आणि या सोमवारी 90 दिवसांची. मधल्या दोन महिन्यांच्या पोस्ट मागच्या पानावर नाहीतच. सूत्र त्यांना नवं समजणार आणि त्यांचा आजवरचा सगळा प्रतिसाद या आठवड्यात मोजणार. एखादी चांगली चाललेली जुनी रील त्यात असली, तर आठवडा एकदम विक्रमी दिसेल. म्हणून काळाचा पल्ला दर वेळी तोच ठेवा. दर वेळी 90 दिवस ठेवलेत तर खिडकी पुढे सरकते, जुन्या पोस्ट यादीतून गळतात, पण जुनी पोस्ट नव्याने आत येत नाही. तपासायचं असेल तर मागच्या पानावर न सापडलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि त्यांच्या तारखा बघा. सगळ्या याच आठवड्यातल्या असायला हव्यात.

कधी एखाद्या जुन्या पोस्टचा फरक उणे येतो. लोक लाइक काढून घेतात, प्लॅटफॉर्म खोटी खाती उडवतो, कुणी कमेंट पुसतं. दोन-चार उणे आकड्यांनी घाबरायचं कारण नाही, त्यांना शून्य करायचीही गरज नाही. आहेत तसे बेरजेत राहू द्या.

आणि हो, पहिल्या सोमवारी हे काहीच करता येणार नाही, कारण मागची फाइलच नसेल. त्या दिवशी फक्त फाइल उतरवा आणि मालकाला सांगा की तुलना पुढच्या आठवड्यापासून मिळेल. मागच्या तारखेची फाइल आज उतरवता येत नाही.

फाइल उघडतानाच होणारं नुकसान

हिशोबाची रीत बरोबर असूनही उत्तर चुकतं, ते फाइल शीटमध्ये उघडताना. सर्वांत वाईट खोड तारखांची. मेटाच्या फाइलमध्ये तारीख अमेरिकन पद्धतीने, म्हणजे आधी महिना मग दिवस, अशी येते. तुमचा संगणक आधी दिवस मग महिना असं वाचत असेल, तर आपल्या उदाहरणातल्या आठवड्याचं काय होतं बघा. 9 जून फाइलमध्ये `06/09/2025` असं आहे. ते वाचलं जातं 6 सप्टेंबर. 11 जूनचं होतं 6 नोव्हेंबर, 12 जूनचं 6 डिसेंबर. 13 जूनपासून पुढे मात्र तेरावा महिनाच नसल्याने एक्सेल हात टेकतं आणि `06/14/2025` हा नुसता मजकूर म्हणून ठेवून देतं. एकाच आठवड्यातल्या तीन पोस्ट हिवाळ्याकडे पळाल्या आणि दोन तारीखच राहिल्या नाहीत. मग 9 ते 15 जून असा फिल्टर लावला की एकही ओळ येत नाही. हे तरी बरं, लगेच कळतं. नुकसान तेव्हा होतं जेव्हा दुसऱ्याच महिन्यातली एखादी पोस्ट उलटी वाचली जाऊन भलत्याच आठवड्यात येऊन बसते.

ओळखायची खूण सोपी आहे. तारखेच्या कॉलमची जुळवणी मुद्दाम बदललेली नसेल, तर खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही उजवीकडे आणि काही डावीकडे दिसले की थांबा. उपाय म्हणजे फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडायची नाही. एक्सेलमध्ये रिकामं पान उघडून `Data` मधून `From Text/CSV` ने ती आत घ्यायची, `Transform Data` दाबायचं आणि तारखेच्या कॉलमला `Change Type` मधल्या `Using Locale` ने अमेरिकन इंग्रजी, म्हणजे महिना-दिवस-वर्ष, असा क्रम सांगायचा. याच वाटेने एन्कोडिंग यूटीएफ-8 निवडलं की मराठी कॅप्शन आणि इमोजी यांचा चिखल होण्याचंही टळतं.

त्याच खिडकीत `Post ID` चा कॉलम मजकूर म्हणून घ्या. तो आकडा पंधरापेक्षा जास्त अंकांचा असतो आणि एक्सेल संख्येतले फक्त पहिले पंधरा अंक जपतं, पुढच्यांची शून्यं करतं. मग दोन वेगळ्या पोस्टचे क्रमांक सारखे होऊ शकतात आणि सूत्र एकाचा प्रतिसाद दुसऱ्याच्या नावावर टाकतं. म्हणूनच वर मी ओळख म्हणून क्रमांक न घेता लिंक घेतली आहे.

वेळेचंही एकदा बघून घ्या. फाइलमधली वेळ तुमच्या घड्याळाची असेलच असं नाही, ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचीही असू शकते. तसं असलं तर सोमवारी सकाळची पोस्ट फाइलमध्ये रविवारी गेलेली दिसते आणि मागच्या आठवड्यात जाऊन पडते. एक पोस्ट निवडा, ॲपमध्ये तिची वेळ बघा, फाइलमधली बघा. फरक असेल तर सगळ्या कॉलमला तेवढे तास जोडायचे. हे एकदा केलं की बराच काळ बघावं लागत नाही, फक्त तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तेवढं ध्यानात ठेवायचं.

प्रतिसादात नक्की काय धरायचं

बुधवारच्या कॅरोसेलचे 81 प्रतिसाद मी वर सहज लिहून गेलो, पण फाइलमध्ये ते 81 नव्हते. तिथे 42 लाइक, 22 सेव्ह, 9 शेअर आणि 16 कमेंट होत्या, म्हणजे 89. मग आठ कुठे गेल्या? त्या ब्रँडच्या स्वतःच्या होत्या. लोकांनी आठ कमेंट केल्या आणि ब्रँडने प्रत्येकीला उत्तर दिलं. प्लॅटफॉर्म उत्तरांनाही कमेंटच मोजतो. तशाच ठेवल्या तर प्रतिसादाचं प्रमाण रीचच्या 9.9 टक्के दिसतं, वजा केल्या तर 9 टक्के.

फरक लहान वाटेल, पण छोट्या खात्यात तो फार बोलतो. ज्या आठवड्यात मालकाला वेळ मिळाला आणि त्याने सगळ्यांना मनापासून उत्तरं दिली, त्या आठवड्यात कमेंट दुप्पट दिसतात. पुढच्या आठवड्यात तो कामात बुडाला की कमेंट निम्म्या. लोक तेवढेच बोलत होते. म्हणून शीटमध्ये स्वतःच्या उत्तरांचा एक कॉलम ठेवा, पोस्ट उघडून ती मोजा आणि एकूण प्रतिसादातून वजा करा. आठवड्याला पाच-सहा पोस्ट असताना हे थोड्याच वेळाचं काम आहे. जुन्या पोस्टवर उशिरा उत्तर दिलं असेल तर तिथलाही आकडा वाढवा, नाहीतर ते उत्तर फरकात शिरेल.

पैसे देऊन बूस्ट केलेली पोस्ट मात्र सरळ वेगळ्या ओळीत काढा. तिची रीच विकत घेतलेली असते, त्यामुळे बाकीच्या पोस्टशी तिची तुलना होत नाही आणि बेरजेत तिला मिसळलं तर बूस्ट बंद केल्याच्या आठवड्यात खातं कोसळल्यासारखं दिसतं. स्टोरीचे आकडेही वेगळेच ठेवा, कारण ती 24 तासांची असते आणि तिचं मोजमापच निराळं आहे.

रीचची बेरीज आणि भागाकार

आपल्या पाच पोस्टची रीच मिळवली तर 5400 होते. याचा अर्थ 5400 खात्यांनी ब्रँडला पाहिलं असा होत नाही. रीच म्हणजे एखादी पोस्ट किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोहोचली. ज्या बाईंनी सोमवारची रील पाहिली, त्यांनीच बुधवारचं कॅरोसेल पाहिलं असेल, तर त्या या बेरजेत दोनदा आल्या. आठवड्यात एकूण किती खात्यांपर्यंत पोहोचलो हा आकडा हवा असेल, तर तो इनसाइट्समध्ये संपूर्ण खात्यासाठी आठवड्याचा काळ निवडून वेगळा घ्यावा लागतो, आणि तो जवळजवळ नेहमीच या बेरजेपेक्षा कमी भरतो. मालकाला लोकांची संख्या सांगायची असेल तर तोच सांगा.

प्रमाणाचा मात्र पोस्टवार उपयोग आहे. सोमवारच्या रीलचं प्रमाण 5.5 टक्के, शनिवारच्या रीलचं 4, फोटोचं 3, आणि दोन कॅरोसेलचं 9 आणि 8. इथे एक गोष्ट दिसते: रील दूरवर पोहोचते पण पाहणारे पुढे सरकतात, कॅरोसेल कमी लोकांपर्यंत जातं पण पाहणारे त्यावर थांबतात आणि ते जपून ठेवतात. रविवारच्या कॅरोसेलचे 8 टक्के मात्र मी अजून मानणार नाही. ती पोस्ट एक दिवसाची आहे आणि सुरुवातीला प्लॅटफॉर्म पोस्ट दाखवतो ती जास्त करून आपल्याच फॉलोअरना. ते ओळखीचे लोक, त्यांचं प्रमाण जास्तच असतं. रीच वाढत गेली की ते उतरतं. एखादी पोस्ट चांगली की वाईट, याचा निवाडा तिला पूर्ण आठवडा झाल्यावरच करावा असं माझं ठाम मत आहे. फोटो आणि कॅरोसेल तोवर बऱ्यापैकी स्थिरावतात. रीलचं तसं नाही, ती तीन आठवड्यांनीही अचानक उचल खाऊ शकते आणि तेव्हा ती फरकाच्या कॉलममध्ये दिसते.

आणि ही टक्केवारी दुसऱ्या प्लॅटफॉर्मच्या टक्केवारीशी जोडू नका. लिंक्डइन आपल्या एंगेजमेंट दरात क्लिकसुद्धा धरतं आणि भागाकार इंप्रेशननी करतं. आपण इथे क्लिक धरले नाहीत आणि भागलं रीचने. दोन्हींची सरासरी काढली तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

यूट्यूबची फाइल उलटी वागते

ब्रँडचं यूट्यूब चॅनेल असेल तर तिथे वर शिकलेलं सगळं लावू नका. यूट्यूब स्टुडिओत तुम्ही 9 ते 15 जून निवडलंत, तर मिळणारे व्ह्यूज आणि लाइक त्याच सात दिवसांत आलेले असतात, व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीचा का असेना. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे तयार मिळतं आणि वजाबाकी करायचीच नसते. इंस्टाग्रामच्या सवयीने इथेही मागचा आठवडा वजा केलात, तर येणारा आकडा निरर्थक असेल.

एक्सपोर्ट केल्यावर झिप फाइल मिळते. तिच्यातली `Table data.csv` उघडलीत की पहिल्याच ओळीत `Total` असतं. कॉलमची बेरीज करताना ती ओळ वगळली नाही तर सगळं दुप्पट होतं. आकडा नेमका दुप्पट आला की कारण हेच. शिवाय ताजे आकडे तिथे एक-दोन दिवस उशिरा भरतात, म्हणून सोमवारी सकाळी रविवार अर्धामुर्धा दिसतो. यूट्यूबची फाइल बुधवारी उतरवलेली बरी.

शॉर्ट्सच्या बाबतीत एक तारीख लक्षात ठेवावी लागते. 31 मार्च 2025 पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू मोजला जातो, किमान किती वेळ पाहिलं याची अट राहिली नाही. जुन्या पद्धतीचा आकडा एंगेज्ड व्ह्यूज या नावाने वेगळा मिळतो. या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या व्ह्यूजची तुलना करायची असेल तर तो जुना आकडाच वापरा. इंस्टाग्रामनेही 2024 पासून व्ह्यूज हा मुख्य आकडा केला आणि इंप्रेशन मागे पडले. त्यामुळे जुन्या शीटमधला इंप्रेशनचा कॉलम आणि नव्या फाइलमधला व्ह्यूजचा कॉलम एकाखाली एक चिकटवू नका.

मालकाच्या हातात काय द्यायचं

एवढं सगळं मालकाला दाखवायचं नाही. त्याला अर्धं पान पुरे. फक्त एक सावधगिरी: छोट्या खात्यात टक्के फार उड्या मारतात. कमेंट तीनच्या सहा झाल्या की शंभर टक्के वाढ होते आणि ती खोटी नसली तरी तिच्यावर काही ठरवता येत नाही. टक्क्यांपेक्षा मला नेहमीचा पट्टा जास्त उपयोगी वाटतो, म्हणजे गेल्या आठ आठवड्यांत हा आकडा कमीत कमी आणि जास्तीत जास्त कुठे होता. आपल्या उदाहरणातल्या ब्रँडचा एकूण प्रतिसाद आठ आठवडे 240 ते 405 च्या दरम्यान राहिला आहे असं धरा. मग 390 हा चांगला आठवडा आहे, पण नेहमीच्या पट्ट्यातलाच. 285 वरून 390, 37 टक्के वाढ, असं लिहिलं असतं तर तेच काहीतरी मोठं घडल्यासारखं वाटलं असतं.

तर 16 जूनची चिठ्ठी मी अशी लिहीन:

"9 ते 15 जून. आठवडा चांगला गेला, नेहमीच्या पट्ट्यात वरच्या बाजूला. लोकांचा एकूण प्रतिसाद 390 (आधीचा आठवडा 285, गेल्या आठ आठवड्यांचा पट्टा 240 ते 405). यातले 302 या आठवड्याच्या पाच पोस्टना आणि 88 जुन्या पोस्टना मिळाले. आपण दिलेली उत्तरं यात धरलेली नाहीत. या आठवड्यात काही बूस्ट केलं नव्हतं.

सर्वांत लांब पोहोचली सोमवारची रील. सर्वांत जास्त जपली गेली बुधवारची पानांची निगा सांगणारी पोस्ट, 900 पैकी 22 जणांनी ती सेव्ह केली. गुरुवारचा एकटा फोटो मागे राहिला. शनिवार-रविवारच्या पोस्टबद्दल पुढच्या सोमवारी सांगेन, त्या अजून नव्या आहेत.

ठरवायची गोष्ट एकच: पुढचे चार आठवडे गुरुवारच्या फोटोच्या जागी निगा किंवा वापर सांगणारं कॅरोसेल टाकून बघायचं का? हो म्हणालात तर बाकीचं वेळापत्रक तसंच ठेवू, म्हणजे फरक पडला तर तो कशाने पडला ते कळेल."

या चिठ्ठीत 88 हा आकडा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. तो काही आठवडे सतत वाढत राहिला, तर जुना मजकूर आपोआप काम करतो आहे आणि कदाचित इतक्या नव्या पोस्टची गरज नाही. तो शून्याकडे जात असेल, तर आपल्या पोस्ट दोन दिवसांत विझत आहेत. नव्या पोस्टच्या बेरजेत यातलं काहीच दिसत नाही.

शीटच्या कडेला आणखी एक कॉलम ठेवा, आकड्यांचा नव्हे तर घटनांचा: या आठवड्यात माल संपला होता, कुणा ओळखीच्या खात्याने आपल्याला टॅग केलं, तीन दिवस सुट्टी होती, फाइल सोमवारऐवजी मंगळवारी उतरवली. दोन महिन्यांनी एखादा आठवडा विचित्र उंच किंवा खोल दिसेल, तेव्हा मालक विचारेल की इथे काय झालं होतं. फाइल ते सांगू शकणार नाही, हा कॉलम सांगेल.